घड्याळाचा रंग नंतर, आधी किती स्क्रीन पेटते ते पाहा

प्रश्न: "फोनवर ऑल्वेज-ऑन डिस्प्ले चालू केलाय. निळं भरीव गोल घड्याळ आणि मागे मुलीचा फोटो. रात्री ११ ला बॅटरी ९० टक्के असते, सकाळी ७ ला ७९. एक मित्र म्हणतो पांढरा रंग लाव, दुसरा म्हणतो लाल. घड्याळ छान दिसायला हवं आणि बॅटरीही टिकायला हवी. फोन ॲमोलेड, १०८० बाय २३४०, बॅटरी ५००० एमएएच."

तुमचे दोन्ही मित्र रंगावरून वाद घालतायत, पण या हिशोबात रंगाचा नंबर बराच नंतर लागतो. आधी किती जागा पेटते, मग ती किती वेळ पेटून राहते, आणि मग रंग. पुण्यात नऊ वर्षं मी फोनच्या डिस्प्लेची वीज मोजण्याचं काम केलं, आता डिस्प्ले दुरुस्तीचं करतो. दोन्हीकडे लोक रंगापासूनच सुरुवात करतात, कारण सेटिंगमध्ये समोर तोच दिसतो.

तुमचा फोन ॲमोलेड आहे हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, नाहीतर पहिला प्रश्न मी तोच विचारला असता. ॲमोलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो आणि काळा पिक्सेल खरोखरच बंद असतो. एलसीडीत मागचा दिवा पेटवावाच लागतो, त्यामुळे तिथे काळी पार्श्वभूमी ठेवून वीज वाचत नाही. २०१६ साली एलजी जी५ मध्ये एलसीडीवर दिव्याचा थोडासाच भाग पेटवून ही सोय दिली होती, पण तो अपवाद. इथून पुढे जे लिहितोय ते ॲमोलेडलाच लागू आहे.

आता खर्चाचे दोन भाग करा. पहिला भाग ठरलेला, घरात काहीही न वापरता मीटरचं जे स्थिर भाडं येतं तसा. ऑल्वेज-ऑन चालू केलं की फोनचा मुख्य प्रोसेसर झोपतो, पण स्क्रीनची चिप जागीच राहते. तिच्या मेमरीत घड्याळाचं चित्र ठेवलेलं असतं आणि ते ती पुन्हा पुन्हा स्क्रीनवर लिहीत राहते. तुम्ही एक ठिपका दाखवा नाहीतर अख्खा फोटो, हा खर्च जवळपास तोच. तो किती हे पॅनलवर ठरतं. महागड्या फोनमध्ये एलटीपीओ प्रकारचं पॅनल असतं. त्यातल्या पिक्सेलमधून विद्युतभार फार हळू गळतो, म्हणून एकदा लिहिलेलं चित्र जास्त वेळ टिकतं आणि सेकंदाला एकदाच लिहिलं तरी भागतं. २०२२ मध्ये आयफोन १४ प्रोमध्ये ऑल्वेज-ऑन आलं ते याच जोरावर. साध्या पॅनलला इतकं खाली उतरता येत नाही, तेच चित्र त्याला सेकंदाला अनेकदा लिहावं लागतं. पॅनल कुठलं आहे हे आपल्या हातात नसतं, म्हणून या भागावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही.

दुसरा भाग प्रत्यक्ष उजेडाचा, आणि तो पूर्णपणे तुमच्या निवडीवर आहे. पिक्सेल जेवढा उजेड देतो, साधारण तेवढ्याच प्रमाणात करंट ओढतो. त्यामुळे कुठलं घड्याळ किती खाईल याचा अंदाज चक्क कागदावर करता येतो. तुमच्याच स्क्रीनचा करून दाखवतो.

१०८० गुणिले २३४० म्हणजे एकूण २५,२७,२०० पिक्सेल. समजा चार आकडी डिजिटल घड्याळ आहे, आकड्याची उंची २०० पिक्सेल. आकड्याची रेघ सरळ ताणली तर सरासरी ४५० पिक्सेल भरते असं धरू (१ ची कमी, ८ ची जास्त). बारीक अक्षरात रेघेची जाडी १२ पिक्सेल धरली तर एका आकड्याला ५,४०० आणि चार आकड्यांना २१,६०० पिक्सेल पेटतात. अख्ख्या स्क्रीनच्या एक टक्क्यापेक्षाही कमी. तेच घड्याळ ४० पिक्सेल जाडीच्या ठळक अक्षरात घेतलं तर ७२,००० पिक्सेल, म्हणजे जेमतेम तीन टक्के.

आता तुमचं भरीव गोल घड्याळ. तबकडीचा व्यास ६०० पिक्सेल धरला तर क्षेत्रफळ सुमारे २,८२,७०० पिक्सेल येतं, म्हणजे अकरा टक्क्यांच्या वर. बारीक डिजिटलच्या तेरापट. याउलट तबकडी न भरता नुसते दोन काटे आणि बारा खुणा ठेवल्या, तर ८,००० पिक्सेलच्या आसपास काम भागतं, बारीक डिजिटलच्या निम्म्याहून कमी. तेव्हा "काट्यांचं घड्याळ जास्त खातं" किंवा "कमी खातं" असं सरसकट म्हणता येत नाही. तबकडी भरलेली आहे की पोकळ, यावर सगळं आहे.

राहिला फोटो. फोटोचा प्रत्येक पिक्सेल पेटतो, पण ऑल्वेज-ऑनमध्ये फोन फोटो बराच मंद करतो. तरीही समजा सगळ्या फोटोचा सरासरी उजेड पूर्ण पांढऱ्याच्या पाच टक्के आहे, तर तो १,२६,००० पांढऱ्या पिक्सेलइतका खर्च झाला. म्हणजे अंधुक दिसणारा फोटोसुद्धा बारीक पांढऱ्या घड्याळाच्या जवळपास सहापट. फोटोत मागे आकाश किंवा पांढरी भिंत असेल तर आणखी जास्त, रात्री काढलेला असेल तर कमी.

आता रंगाकडे येतो. इथे दोन गोष्टी नेहमी एकमेकींत मिसळतात, त्या सावकाश सोडवून पाहू.

सोनाराच्या भिंगातून ॲमोलेड स्क्रीनवरचा पांढरा आकडा बघितलात तर पांढरं काहीच दिसणार नाही. हिरवे बारीक ठिपके दिसतील, आणि त्यांच्यामध्ये तांबडे आणि निळे, संख्येने हिरव्यांच्या निम्मे. यात निळा ठिपका सगळ्यांत मोठा केलेला असतो. कारण निळा पदार्थ सगळ्यांत कमी कार्यक्षम आहे आणि सगळ्यांत लवकर म्हातारा होतो. ठिपका मोठा असला की तेवढाच उजेड जास्त जागेत वाटला जातो आणि पदार्थावरचा ताण कमी होतो. "निळा रंग बॅटरी खातो" हे जे सगळीकडे ऐकू येतं त्याचं मूळ इथे आहे.

पण पांढरा म्हणजे तिन्ही ठिपके एकदम पेटवणं. त्यामुळे तेवढ्याच जागेत शुद्ध निळं घड्याळ पांढऱ्यापेक्षा कमीच खातं, कारण ते पांढऱ्याचा एक भाग आहे. "पांढरा लाव, वाचेल" हा पहिल्या मित्राचा सल्ला असा पाहिला तर उलटा आहे. तरीही मी शुद्ध निळा कोणाला सुचवत नाही. आपल्या डोळ्याला निळा फार अंधुक दिसतो. स्क्रीनच्या रंगांच्या नेहमीच्या मापात पांढऱ्याचा उजेड १०० धरला, तर डोळ्याला त्यातले सुमारे ७२ हिरव्यातून मिळतात, २१ तांबड्यातून आणि निळ्यातून फक्त ७. म्हणून निळं घड्याळ लावल्यावर माणूस काय करतो, तर ब्राइटनेस वाढवतो किंवा घड्याळ मोठं करतो, नाहीतर तबकडी भरून घेतो. खर्च वाढतो तो या वाटेने. तुमचं घड्याळ भरीव आणि मोठं का झालं, याचा थोडा विचार करून पाहा. पोकळ निळं घड्याळ लांबून दिसत नव्हतं म्हणून तर नाही ना?

हिरव्याचं याच्या उलट आहे. थोड्या करंटमध्ये डोळ्याला भरपूर दिसतो. पिवळा किंवा अंबर हा हिरवा आणि तांबडा यांचा मिलाफ, त्यात निळा ठिपका पेटतच नाही. डिजिटल घड्याळासाठी मला हाच रंग आवडतो. नजरेला ऊबदार वाटतो, रात्री डोळ्यांत घुसत नाही आणि निळ्या ठिपक्यांची झीजही होत नाही. रंग आकड्यांनी देता येत असेल तर #FFB000 च्या आसपास ठेवा, नाहीतर दिलेल्या रंगांतला मधासारखा रंग निवडा.

दुसऱ्या मित्राचा लाल रंग अंधाऱ्या खोलीत चांगला, कारण अंधाराला सरावलेला डोळा त्याने फारसा दिपत नाही. पण एक अडचण सांगतो. तांबडे आणि निळे ठिपके हिरव्यांच्या निम्मेच असतात हे वर आलंच. त्यामुळे शुद्ध लाल किंवा शुद्ध निळ्यात बारीक अक्षर लावलं की कडा करवतीसारख्या दिसतात. गिऱ्हाईक फोन घेऊन येतं, "डिस्प्ले खराब झालाय, आकडे फाटतायत" म्हणून. मी रंग पांढरा करून दाखवतो आणि कडा गुळगुळीत होतात. डिस्प्ले ठीकच असतो. लाल हवाच असेल तर अक्षर जाड घ्या. बारीक हवं असेल तर पांढरा, हिरवा किंवा अंबर घ्या.

दिसणं आणि वीज यांचा मेळ मला सगळ्यांत चांगला कुठे लागला, तर जाड अक्षर आणि मंद रंग यात. स्क्रीनवर रंगाचा आकडा निम्मा केला की उजेड निम्मा होत नाही, तो पाचव्या हिश्श्याच्या आसपास येतो. पांढरा #FFFFFF आणि मधला करडा #808080 घ्या. करड्याचा उजेड पांढऱ्याच्या २२ टक्के, पण डोळ्याला तो जवळपास निम्मा वाटतो. आता वरचा हिशोब पुढे न्या. ठळक करड्या घड्याळाचे ७२,००० पिक्सेल गुणिले ०.२२, म्हणजे सुमारे १५,८०० पांढऱ्या पिक्सेलइतका खर्च. बारीक पांढऱ्याचा २१,६०० होता. म्हणजे लांबून सहज वाचता येणारं ठळक घड्याळ नाजूक पांढऱ्यापेक्षा स्वस्त पडलं. याला मर्यादा दोन. भर उन्हात करडं दिसत नाही. आणि फारच गडद करडा घेतला तर काही पॅनलवर आकड्यात जांभळट किंवा हिरवट डाग दिसतात, कारण इतक्या कमी करंटवर सगळे पिक्सेल सारखे वागत नाहीत. डाग दिसले तर रंग एक पायरी वर आणा.

सेकंदाचा काटा आणि हलणारी चित्रं यांबद्दल थोडक्यात. साधं घड्याळ मिनिटाला एकदा बदलतं आणि मधल्या वेळात प्रोसेसर झोपून राहतो. काही पॅनलच्या चिपला काटे स्वतः फिरवता येतात, तिथे सेकंदकाटा फारसा महाग पडत नाही. पण बाहेरून डाउनलोड केलेल्या ॲपचं घड्याळ बहुधा प्रोसेसरलाच उठवतं. म्हणून फोनसोबत आलेलंच घड्याळ वापरा.

आता तुमचे अकरा टक्के. ५००० एमएएचच्या बॅटरीत ते ५५० एमएएच झाले. आठ तासांत वाटले तर सरासरी ६९ मिलिअँपिअर. पण हा सगळा खर्च घड्याळाच्या नावावर टाकू नका. नेटवर्क, व्हॉट्सॲप, मेल, फोटोंचा बॅकअप, घरात सिग्नल कमी असेल तर टॉवर शोधणं, हे सगळं त्यात आहे. वेगळं काढण्यासाठी तीन रात्री लागतील. पहिल्या रात्री ऑल्वेज-ऑन बंद. दुसऱ्या रात्री बारीक पांढरं घड्याळ. तिसऱ्या रात्री तुमचं आत्ताचं घड्याळ फोटोसकट. तिन्ही रात्री फोन एकाच जागी, स्क्रीन वर करून, वाय-फाय तसंच ठेवून.

समजा पहिल्या रात्री ४ टक्के उतरले, दुसऱ्या रात्री ७ आणि तिसऱ्या रात्री ११. तर ४ टक्के फोनच्या इतर कामांचे. ७ वजा ४ म्हणजे ३ टक्के जवळपास सगळे त्या ठरलेल्या भाड्याचे, कारण बारीक घड्याळाचा उजेड अगदीच थोडा. आणि ११ वजा ७ म्हणजे ४ टक्के तुमच्या तबकडीचे आणि फोटोचे. अशा वेळी घड्याळ बदलून वाचतील ते जास्तीत जास्त हे ४ टक्के. उलट पहिल्याच रात्री ऑल्वेज-ऑन बंद असून ९ टक्के उतरले, तर घड्याळाच्या मागे लागू नका, एखादं ॲप रात्रभर जागं आहे ते शोधा.

हे मोजताना तीन ठिकाणी फसगत होते. चार्जिंग १०० टक्क्यांवरून काढलं तर बरेच फोन १०० चा आकडा उगाच बराच वेळ धरून ठेवतात, म्हणून ९० च्या आसपास सुरुवात करा, जशी तुमची आहेच. दुसरं, रात्रीचा स्लीप मोड किंवा बॅटरी सेव्हर लागला की पुष्कळ फोन ऑल्वेज-ऑन स्वतःच बंद करतात, आणि आपल्याला वाटतं घड्याळ फुकटात चाललं. झोपण्याआधी आणि पहाटे जाग आली तर एकदा नजर टाका. तिसरं, खोलीतला उजेड. उजेडाच्या सेन्सरप्रमाणे घड्याळ मंद-प्रखर होतं, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत भरीव आणि बारीक घड्याळातला फरक कमी दिसेल आणि ऑफिसच्या टेबलावर जास्त. तुमचा फोन दिवसा टेबलावर पडून असेल तर हीच चाचणी दिवसाही करा.

टक्क्यांचा आकडा जाडाभरडा असतो, एक टक्का म्हणजे ५० एमएएच. लॅपटॉपवर एडीबी, म्हणजे केबलवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देणारं साधन, असेल तर जास्त बारीक मोजता येतं. रात्री हे चालवा आणि केबल काढा:

```
adb shell dumpsys batterystats --reset
```

सकाळी केबल लावून हे:

```
adb shell "dumpsys batterystats | grep discharge"
```

यात Screen doze discharge अशी ओळ दिसली तर ऑल्वेज-ऑन चालू असतानाचा खर्च त्यात एमएएचमध्ये असतो. रात्रभर घड्याळ दिसत होतं असं तुम्हाला वाटतंय आणि doze चा आकडा शून्याजवळ आहे, तर ते मध्येच बंद पडलं होतं. मात्र doze च्या आकड्यात त्या वेळेत जागी असलेली ॲपही मोजली जातात, म्हणून तीन रात्रींची वजाबाकी तरीही करायचीच.

वेळेबद्दल. खिशात किंवा पालथा ठेवला की बहुतेक फोन घड्याळ विझवतात. तुमचं कव्हर सेन्सर झाकतंय का किंवा उलट त्याला फसवतंय का ते एकदा पाहा. खरी बचत मात्र रात्रीची आहे. ११ ते ७ आपण झोपलेलो असतो. त्या आठ तासांत घड्याळ कोणी बघत नाही. वेळापत्रकाची सोय असेल तर सकाळी ७ ते रात्री ११ लावा. रात्री वेळ बघायची असेल तर स्क्रीनला टॅप केल्यावर दिसेल असं ठेवा. त्याने त्या आठ तासांपुरतं ठरलेलं भाडंही वाचतं, जे घड्याळ बदलून कधीच वाचत नाही.

एक काळजी बॅटरीपलीकडचीही आहे. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या स्क्रीनवर पूर्ण करडं चित्र उघडलं की कधी कधी मधोमध घड्याळाची सावली दिसते, त्यालाच बर्न-इन म्हणतात. ती न पडावी म्हणून फोन घड्याळ थोड्या थोड्या वेळाने काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवतो. बारीक रेघ काही पिक्सेल सरकली की पूर्ण नव्या जागी जाते. पण ६०० पिक्सेलची भरीव तबकडी तेवढीच सरकली तर तिचा मधला भाग त्याच पिक्सेलवर राहतो, फक्त कडा हलतात. त्यात रंग निळा, म्हणजे सगळ्यांत लवकर झिजणारा. तुमची निवड मला खटकते ती विजेपेक्षा यासाठी.

तुमच्या जागी मी असतो तर असं ठेवलं असतं: निळी तबकडी काढून ठळक अंबर आकडे, किंवा काट्यांचीच आवड असेल तर पोकळ घड्याळ आणि जाड काटे. निळ्यावर जीव असेलच तर आकाशी घ्या, ज्यात हिरवा भरपूर मिसळलेला असतो. तो अंधुक दिसत नाही, म्हणून मोठा करावा लागत नाही.

आणि मुलीचा फोटो काढून टाकू नका. फोटोतली मागची भिंत काढून तिथे पूर्ण काळा रंग भरा, #000000, गडद करडा नव्हे. करडा डोळ्याला काळा वाटतो, पण पिक्सेल पेटलेलाच राहतो. काही सॅमसंग फोनमध्ये ऑल्वेज-ऑनच्या सेटिंगमध्येच पार्श्वभूमी पुसायची सोय आहे. आयफोनवर Show Wallpaper बंद केलं की फोटो पूर्ण जातो, म्हणून तिथे आधीच कापलेला फोटो वॉलपेपर म्हणून लावा. मुलीचा चेहरा आणि खांदे मिळून स्क्रीनचा पाचवा हिस्सा व्यापत असतील तर उजेडाचा खर्चही सुमारे तेवढ्यावर येतो, आणि काळ्यावर चेहरा भिंतीपुढे दिसायचा त्यापेक्षा जास्त उठून दिसतो. तो चेहरा घड्याळाच्या खाली ठेवा, आकडे त्याच्यावर चढू देऊ नका, नाहीतर आकडे वाचता यावेत म्हणून ब्राइटनेस वाढवावा लागेल.